मे थोरुबेइते : ग्रीकमधले दोन ‘नको’

ग्रीक शिकायला लागून दीड वर्ष झालं होतं तेव्हाची गोष्ट. रविवारी सकाळी आम्ही चौघं सरांच्या घरी जमायचो. सर निवृत्त, वय पंचाहत्तरच्या पुढे, शिकवण्याची फी म्हणून फक्त वेळेवर येण्याची अट. मी शाळेत संस्कृत शिकवते. दुसरे बँकेतून निवृत्त झालेले काका, ज्यांना प्रत्येक गोष्टीचा नियम लागतो. तिसरे वसईकडचे एक तरुण फादर, पुण्यात शिकायला आलेले. आणि चौथे स्वतः सर, कारण ते म्हणायचे, ‘मीही अजून शिकतोच आहे.’

त्या दिवशी गृहपाठ होता मराठीतून ग्रीकमध्ये वाक्यं करण्याचा. ‘गोंधळ घालू नका’ याचं मी केलं होतं ‘मे थोरुबेसाते’. सरांनी वहीवर नुसतं बोट ठेवलं. मला वाटलं स्वराघात चुकला. तसं नव्हतं. असं रूप ग्रीक माणूस वापरतच नाही.

इथे थोडं व्याकरण सांगायलाच हवं. ग्रीक क्रियापदाला आज्ञार्थ दोन तऱ्हांनी करता येतो: एक वर्तमानाच्या अंगावर, दुसरा ॲओरिस्टच्या अंगावर. ॲओरिस्ट म्हणजे आपल्या संस्कृतातल्या लुङ् या भूतकाळाचा चुलतभाऊ. आज्ञार्थात या दोन अंगांमध्ये काळाचा फरक नसतो. क्रिया चालू असलेली, पसरलेली अशी पाहायची की एकसंध, पुरी अशी पाहायची, एवढाच फरक असतो. ‘गोंधळ घाला’ म्हणायचं तर दोन्ही आज्ञार्थ चालतात. पण ‘नका’ म्हणायची वेळ आली, म्हणजे ‘मे’ हा निषेधाचा शब्द पुढे लागला, की समोरच्याला उद्देशून फक्त वर्तमान आज्ञार्थ टिकतो: ‘मे थोरुबेइते’. ॲओरिस्टचा आज्ञार्थ तिथे चालत नाही. त्याच्या जागी ॲओरिस्टचा सब्जंक्टिव्ह, म्हणजे इच्छा-शक्यता दाखवणारं रूप, येतो: ‘मे थोरुबेसेते’. मी ‘से’च्या जागी ‘सा’ लिहिला होता. (तिसऱ्या पुरुषात मात्र आज्ञार्थ चालतो. उजवा हात काय करतो ते डाव्याला ‘कळू नये’ असं बायबलमध्ये मत्तयाच्या सहाव्या अध्यायात आहे, तिथे ‘मे ग्नोतो’ हा सरळ ॲओरिस्ट आज्ञार्थ आहे. म्हणून पाठ करताना माझा गोंधळ आणखी वाढला.)

रूप दुरुस्त झालं. मग मी विचारलं, ‘सर, पण मग मी कोणतं वापरायचं? थोरुबेइते की थोरुबेसेते?’

सर उत्तर देणार एवढ्यात काका म्हणाले, ‘सोप्पं आहे. कुत्र्याची गोष्ट माहीत नाही का तुला?’

मोल्टन नावाच्या व्याकरणकाराने नव्या करारातल्या ग्रीकवर 1906 साली लिहिलेल्या ग्रंथात ही गोष्ट आहे आणि तिथून ती पाठ्यपुस्तकांतून फिरत राहिली. डेव्हिडसन नावाचा एक गृहस्थ आधुनिक ग्रीक शिकत होता. या दोन निषेधांतला फरक काही केल्या त्याच्या लक्षात येईना. एके दिवशी त्याचा ग्रीक मित्र भुंकणाऱ्या कुत्र्याला दटावताना वर्तमान आज्ञार्थ वापरताना त्याने ऐकला आणि त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. कुत्रा भुंकत होताच, म्हणजे वर्तमानाचा अर्थ ‘चाललंय ते थांबव’. आणि ॲओरिस्टचा अर्थ ‘सुरूच करू नकोस’. मग त्याने प्लेटोचं सॉक्रेटिसच्या बचावाचं भाषण उघडलं, तर तिथे दोन्ही रूपं जवळजवळ सापडली: आधी ‘मे थोरुबेसेते’, गोंधळ सुरू होण्यापूर्वी, मग काही ओळींनी ‘मे थोरुबेइते’, गोंधळ सुरू झाल्यावर.

मला हे इतकं आवडलं की मी घरी येऊन कपाटाच्या दाराला चिठ्ठी लावली: वर्तमान = थांबव. ॲओरिस्ट = सुरू करू नको. पुढचे तीन आठवडे मी खूष होते. नैन गावाच्या वेशीवर एकुलत्या एका मुलाची प्रेतयात्रा निघाली आहे, विधवा आई रडते आहे, येशू तिला म्हणतो ‘मे क्लाइए’. वर्तमान. रडणं चालू आहे, थांबव. चिठ्ठी बरोबर. फिलिप्पै गावात भूकंपाने तुरुंगाची दारं उघडतात, कैदी पळाले असं समजून तुरुंगाधिकारी तलवार उपसतो आणि स्वतःला मारणार, तोच त्या कैद्यांतला पौल, येशूचा प्रेषित, ओरडतो की स्वतःला काही इजा करू नकोस. तिथे ॲओरिस्ट सब्जंक्टिव्ह. तलवार अजून अंगाला लागलेली नाही. चिठ्ठी पुन्हा बरोबर.

मला हे पटकन पटण्याचं आणखी एक कारण होतं, ते संस्कृतचं. ग्रीकचा ‘मे’ आणि आपला ‘मा’ एकाच मुळातले. पाणिनी सांगतो ‘माङि लुङ्’: माङ्, म्हणजे याच ‘मा’ बरोबर लुङ् वापरावा, आणि त्याचा सुरुवातीचा ‘अ’ गळतो. मा गमः, मा शुचः, मा भैषीः. कार्ल हॉफमान या जर्मन अभ्यासकाने 1967 साली ऋग्वेदातल्या ‘मा’च्या प्रयोगांचा बारीक अभ्यास करून दाखवलं की तिथे लुङ्‌च्या रूपांबरोबर वर्तमानाच्या अंगाची रूपंही येतात आणि त्यांत असाच फरक दिसतो: लुङ् असेल तर अजून न झालेलं टाळायचं, वर्तमान असेल तर चाललेलं थांबवायचं. म्हणजे कुत्र्याची गोष्ट वेदापर्यंत जाते की काय! मी रविवारी हे सांगितलं तेव्हा काका एवढे खूष झाले की त्यांनी स्वतः उठून चहा केला.

सर म्हणाले, ‘छान. आता मा शुचः कुणाला म्हटलंय?’

अर्जुनाला. पहिल्या अध्यायापासून शोक करणाऱ्या अर्जुनाला, आणि तेही अठराव्या अध्यायाच्या शेवटाशी. चाललेला शोक थांबव असं सांगायचं तर वर्तमान हवं होतं, पण तिथे लुङ् आहे. अर्थात तोवर संस्कृतने दुसरा पर्याय जवळजवळ सोडून दिला होता, पाणिनीचा नियमच तसा आहे. तेव्हा हा ग्रीकविरुद्धचा पुरावा नव्हता. पण एक गोष्ट मला त्या दिवशी उमगली. मी संस्कृतमधून आल्यामुळे माझ्या हातातून ‘नको’ म्हटलं की आपोआप ॲओरिस्ट निघत होता. माझ्या वहीत तोवरच्या निषेधांपैकी वर्तमान आज्ञार्थ जवळजवळ नव्हताच. चिठ्ठी कपाटावर होती, हात मात्र पाणिनीचा होता.

पुढच्या रविवारी गृहपाठ होता त्या प्रसिद्ध जागेचाच. इ. स. पू. 399, अथेन्सचं न्यायालय, पाचशेच्या आसपास ज्युरी, आणि सत्तरीतला सॉक्रेटिस. तो म्हणतो की लोक मला शहाणा म्हणतात ते का, हे सांगतो. आणि माझं बोलणं मोठेपणाचं वाटलं तरी, अथेन्सकरांनो, ‘मे थोरुबेसेते’. मग तो डेल्फीच्या देवाला साक्षीला आणतो. खैरेफोन नावाचा आपला जुना मित्र किती उतावळा होता हे सांगतो. हा खैरेफोन एकदा डेल्फीला गेला आणि त्याने देवाला असं विचारण्याचं धाडस केलं, ‘आणि, म्हणतो तसं, मे थोरुबेइते, मंडळी’, त्याने विचारलं की सॉक्रेटिसहून शहाणा कुणी आहे का.

माझं भाषांतर तयार होतं. पहिल्या ठिकाणी: ‘गोंधळ सुरू करू नका.’ दुसऱ्या ठिकाणी: ‘आता पुरे करा हा गोंधळ!’ उद्गारचिन्हासकट. मला ते नाट्यमयही वाटत होतं.

सरांनी विचारलं, ‘गोंधळ सुरू झालाय हे कुठे लिहिलंय?’

‘इथे. मे थोरुबेइते.’

‘ते सोडून कुठे?’

मी पान खालीवर पाहिलं. कुठेच नव्हतं. प्लेटो ‘इथे लोक ओरडले’ असं सांगत नाही. ते भाषण आहे, त्यात रंगसूचना नाहीत. शिवाय ज्या वाक्यावर गोंधळ व्हायचा ते वाक्य, सॉक्रेटिसहून शहाणा कोण, ते अजून उच्चारलेलंच नाही. ‘मे थोरुबेइते’ त्याच्या आधी येतं. आणि ‘म्हणतो तसं’ हे तर स्पष्ट सांगतं की तो मघाचीच विनंती पुन्हा करतोय.

‘म्हणजे बघ,’ सर म्हणाले, ‘क्रियापदावरून तू गोंधळ शोधून काढलास, आणि मग त्या गोंधळावरून क्रियापदाचा अर्थ सिद्ध केलास.’

काका म्हणाले, की ‘धाडस केलं’ हा शब्द ऐकूनच लोकांत कुजबूज झाली असेल. असेलही. सरांनी ते नाकारलं नाही. ते एवढंच म्हणाले की ‘असेल’ आणि ‘म्हणून रूप वर्तमानात आहे’ यांत फरक आहे. मग त्यांनी आम्हाला त्याच भाषणात थोडं पुढे नेलं, जिथे सॉक्रेटिस सांगतो की मला सोडा किंवा सोडू नका, मी वागणं बदलणार नाही, अनेकदा मरावं लागलं तरी. त्यानंतर लगेच: ‘मे थोरुबेइते, अथेन्सकरांनो, मी तुमच्याकडे जे मागितलं होतं ते पाळा.’ इथे लोक खवळले असावेत असं वाटतं, तेव्हा ‘थांबवा’ हा अर्थ शोभतो. पण त्याच्यापुढे तो म्हणतो: मी तुम्हाला आणखीही काही सांगणार आहे, ज्यावर तुम्ही कदाचित ओरडाल. क्रियापद भविष्यकाळी आहे, ‘बोएसेस्थे’, ओरडाल. आणि मग: ‘आला मेदामोस पोइएइते तूतो’, पण हे मुळीच करू नका.

‘पोइएइते’ हा वर्तमान आज्ञार्थ आहे.

अजून न झालेलं, ‘ओरडाल’ असं भविष्यात टाकलेलं ओरडणं, आणि त्याला मनाई करायला वर्तमान. तेही त्याच भाषणात ज्याच्यावर कुत्र्याची गोष्ट उभी आहे. मी घरी येऊन चिठ्ठी काढली नाही, पण तिच्याखाली पेन्सिलने प्रश्नचिन्ह काढलं.

काकांनी हार मानली नाही, आणि त्यांचं म्हणणं टाकाऊ नव्हतं. ते म्हणाले, लोक भाषणभर अधूनमधून ओरडतच होते, तेव्हा पुढचं ओरडणंही त्याच चाललेल्या ओरडण्याचा भाग, म्हणून वर्तमान. सर म्हणाले, ‘मान्य. पण मग नियम असा झाला: चाललेलं असेल तर वर्तमान, आणि नसेल चाललेलं तरी पूर्वी कधी चाललं असेल तर वर्तमान. अशा नियमातून काहीच सुटत नाही, म्हणून त्यातून काही कळतही नाही.’

मग फादरांनी एक सूचना केली. मत्तयाच्या पाचव्या ते सातव्या अध्यायात, म्हणजे डोंगरावरच्या प्रवचनात, निषेधांची रेलचेल आहे. ते सगळे उतरवून काढू. पद्धत सरांनी सांगितली: प्रत्येक ठिकाणी निषेधाचं क्रियापद कागदाच्या पट्टीने झाका. आजूबाजूची वाक्यं वाचा. समोरची माणसं ती गोष्ट आत्ता करताहेत का, याचं उत्तर फक्त त्या वाक्यांवरून द्या: हो, नाही, किंवा सांगता येत नाही. मगच पट्टी काढा आणि रूप बघा.

मी पट्टीसाठी मुलीच्या भूमितीच्या वहीचं पुठ्ठ्याचं कव्हर कापलं. दोन संध्याकाळी गेल्या. तीन अध्यायांत समोरच्याला उद्देशून वर्तमान आज्ञार्थाने केलेले निषेध फक्त चार निघाले: ढोंग्यांसारखे उदास चेहरे करू नका, पृथ्वीवर धन साठवू नका, जिवाची काळजी करू नका, न्याय करू नका. बाकी बहुतेक ॲओरिस्ट. माझ्या उत्तरांच्या रकान्यात मात्र ‘सांगता येत नाही’ हे जवळजवळ सगळीकडे होतं. डोंगरावर बसलेल्या गर्दीत कोण धन साठवत होतं आणि कोण नव्हतं, हे कसं सांगणार? तिथे येशू कुणा एकाला थांबवत नाहीये, जगायचं कसं ते सांगतोय. अशा सर्वकाळच्या उपदेशाला वर्तमान येतं, आणि ऐकणारे तसं करत होते असा त्याचा अर्थ होत नाही. पौल इफिसकरांना लिहितो की द्राक्षारसाने मत्त होऊ नका, तेही वर्तमान आहे. त्यावरून इफिसची अख्खी मंडळी पत्र ऐकताना झिंगलेली होती असं ठरवायचं का? फादर हसत म्हणाले, असं प्रवचन मी ऐकलंय.

प्रवचनात मला सगळ्यात जास्त अडवलं ते काळजीने. पंचविसाव्या ओवीत ‘मे मेरिम्नाते’, वर्तमान, जिवाची काळजी करू नका. सहा ओव्यांनी ‘मे मेरिम्नेसेते’, ॲओरिस्ट, ‘काय खावं, काय प्यावं’ असं म्हणत काळजी करू नका. आणि शेवटी पुन्हा ॲओरिस्ट, उद्याची काळजी करू नका. तीच माणसं, तीच काळजी, मध्ये पाखरं आणि रानफुलं. चिठ्ठीप्रमाणे वाचलं तर आधी ‘काळजी थांबवा’ आणि मग ‘काळजी सुरू करू नका’. हे मला पटेना. मला आता असं दिसत होतं की पहिल्या ठिकाणी काळजी हा स्वभाव आहे, रोजचा, पसरलेला. दुसऱ्या ठिकाणी तिच्या तोंडी एक ठरावीक वाक्य घातलंय, तिसऱ्या ठिकाणी तिला एक ठरावीक विषय दिलाय, उद्या. पसरलेली काळजी वर्तमानात आणि नेमकी काळजी ॲओरिस्टमध्ये. हे वाचन मला आवडतं, पण त्याच्यासाठी मी कोर्टात जाणार नाही. कारण ‘उपवास कराल तेव्हा उदास चेहरे करू नका’ हाही नेमका प्रसंग आहे, आणि तिथे वर्तमान आहे. सरांचं म्हणणं, तिथलं मूळ ग्रीक क्रियापद ‘होणे’ या अर्थाचं आहे, ते निषेधात वर्तमानाकडेच ओढ घेतं, त्याच्यावरून काही सिद्ध करायला जाऊ नकोस. भिऊ नकोस, ‘मे फोबू’, याचंही बरंचसं तसंच आहे. काही क्रियापदांच्या सवयी पडून गेलेल्या असतात, आणि सवयीला विचारून भाव कळत नाही.

चिठ्ठी निघाली ती लूकच्या दहाव्या अध्यायात. येशू सत्तर जणांना दोघादोघांनी पुढच्या गावांना पाठवतोय. ‘जा, मी तुम्हाला पाठवतो’ असं म्हणून सूचना देतो. चौथी ओवी मी शब्दाला शब्द ठेवून सांगते: थैली बाळगू नका (‘मे बास्ताझेते’, वर्तमान), झोळी नको, वहाणा नकोत, आणि वाटेत कुणाला नमस्कार करू नका (‘आस्पासेस्थे’, ॲओरिस्ट). एकाच दमात, एकाच माणसांना, दोन निषेध दोन रूपांत. आणि सातव्या ओवीत: एका घरातून दुसऱ्या घरात जात राहू नका, ‘मे मेताबाइनेते’, वर्तमान.

काका म्हणाले, थैली त्यांच्या हातात असेल, म्हणून ‘खाली ठेवा’. बरं, असेल. पण सातव्या ओवीचं काय? ती माणसं अजून निघालेलीच नाहीत. पहिलं घरही त्यांनी पाहिलेलं नाही, तर घरं बदलणं थांबवणार कुठून? इथे पट्टीखालचं उत्तर पहिल्यांदाच ठाम ‘नाही’ असं आलं होतं, आणि पट्टी काढली तर खाली वर्तमान. काका बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ‘हा कुत्रा भुंकत नव्हता.’

तर मग दोन रूपं का? थैली बाळगणं ही प्रवासभर पुरणारी गोष्ट आहे. बाळगणे या क्रियापदाच्या पोटातच लांबी आहे. घरं बदलत राहणं ही तर उघड पुनःपुन्हा होणारी. नमस्कार हा एक प्रसंग: माणूस भेटला, हात वर झाला, संपलं. त्या काळचे वाटेवरचे नमस्कार लांबत असतीलही, पण बोलणारा त्यांच्याकडे एकेक प्रसंग म्हणून पाहतोय. म्हणजे रूप ठरतं ते क्रिया सुरू झाली की नाही यावर नव्हे, बोलणारा ती आतून, चालताना पाहतोय की बाहेरून, एका तुकड्यात पाहतोय यावर. चालू असलेली गोष्ट आतून पाहणं साहजिक असतं, म्हणून चालू रडण्याला वर्तमान पुष्कळदा येतं. ‘थांबव’ हा अर्थ प्रसंगातून येतो. नैनच्या वेशीवर तो प्रेतयात्रेतून येतो, क्रियापदाने फक्त त्याच्याशी भांडण केलेलं नाही.

हे मराठीतून समजायला मला वेळ लागला याचं कारण आपला ‘नकोस’ दोन्हीकडे एकच असतो. आपण फरक करतो तो जोडीच्या क्रियापदाने. रडू नकोस. रडत बसू नकोस. ऊठसूट रडत जाऊ नकोस. यांतला कुठला वापरायचा हे ग्रीक रूप एकटं सांगत नाही. वर्तमान दिसलं की ‘-त राहू नकोस’ ठोकून द्यायचं, ही माझी तेव्हाची खोड होती आणि त्यामुळे माझी भाषांतरं जड झाली होती. सर असल्या ठिकाणी ‘राहू’ला नुसतं कंसात टाकायचे.

उलटपक्षी, कधीकधी ही जोडक्रियापदंच सगळं उलगडतात. करिंथमध्ये पौलाला रात्री दर्शन होतं, त्यातलं वाक्य आहे: ‘मे फोबू, आला लालेइ, काई मे सिओपेसेस.’ भिऊ नकोस (वर्तमान), बोलत राहा (वर्तमान), आणि शेवटी ॲओरिस्ट. सिओपाओ म्हणजे गप्प असणे, ही एक स्थिती आहे. स्थितिवाचक क्रियापद ॲओरिस्टमध्ये गेलं की बहुधा त्या स्थितीत शिरणं असा अर्थ होतो. म्हणून ‘गप्प राहू नकोस’ हे चूक. पौल गप्प नव्हताच, तो बोलत होता. ‘गप्प होऊ नकोस’ हवं. राहणे आणि होणे यांच्यातलं हे अंतर मराठीत आयतं आहे. इथे कुत्र्याचा नियमही लागू पडतो, काकांनी ते वहीत लाल शाईने लिहून घेतलं. मी हरकत घेतली नाही. नियम बऱ्याच जागी बरोबर उत्तर देतो, म्हणूनच तो इतकी वर्षं टिकला. तो कुठल्या जागी नुसता योगायोगाने बरोबर आहे, ते कळत नाही, एवढीच पंचाईत.

माझी मावसबहीण त्या सुट्टीत अथेन्सला गेली होती. तिने संग्रहालयातला एक फोटो पाठवला, त्यात पुतळ्यापाशी पाटी होती: ‘मिन अंगीझेते’, हात लावू नका. आधुनिक ग्रीकमध्ये रूपांची मांडणी बदलली आहे, पण वर्तमान आणि ॲओरिस्टच्या अंगांतला भेद अजून जिवंत आहे, आणि या पाटीवर वर्तमानाचं अंग होतं. फोटोत पुतळ्याच्या आसपास चिटपाखरू नव्हतं. डेव्हिडसन कुत्र्याऐवजी आधी या पाटीपाशी पोचला असता तर पाठ्यपुस्तकांत भलताच नियम गेला असता. फोटो मी लगेच काकांना पाठवला. त्यांनी अंगठा पाठवला, शब्द एकही नाही.

पाटी नेमकी ‘हात लावू नका’चीच निघाली, म्हणून फादरांच्या मनात घोळत असलेली ओवी पुढे आली. योहानाच्या विसाव्या अध्यायात मग्दालेची मरिया बागेत उठलेल्या येशूला ओळखते, आणि तो म्हणतो: ‘मे मू हाप्तू’, कारण मी अजून पित्याकडे वर गेलो नाही. वर्तमान आज्ञार्थ. लॅटिनमध्ये ते ‘नोली मे तांगेरे’ झालं आणि चित्रकारांनी शतकानुशतकं रंगवलं: मरियाचा हात पुढे, येशू मागे सरलेला, दोघांमध्ये वीतभर हवा. नवी भाषांतरं बहुधा म्हणतात, मला धरून राहू नकोस. फादरांना ईस्टरच्या आठवड्यात ही ओवी मराठीत समजावून सांगायची होती.

आम्ही पट्टी लावली. मरियाने त्याला धरलं आहे असं योहान सांगतो का? नाही. ती वळते, ‘रब्बूनी’ म्हणते, एवढंच. मत्तयाच्या वृत्तांतात बायका येशूचे पाय धरतात, पण ते दुसऱ्याचं पान. तिथलं धरणं इथे आणून टाकायचं का, हा आपला निर्णय, व्याकरणाचा नव्हे. उत्तर: सांगता येत नाही. पट्टी काढली, वर्तमान. पण वर्तमानावरून तिने धरलंच होतं असं म्हणणं म्हणजे माझा तो ‘आता पुरे करा हा गोंधळ!’ पुन्हा करणं. ती धरायला निघाली असेल तरी हे रूप चालतं. ‘धरून राहू नकोस’च्या बाजूने खरा आधार क्रियापदाच्या अर्थाचा आहे: हाप्तोमाइ म्हणजे नुसता स्पर्श नव्हे, धरणं, बिलगणंही. ‘कारण मी अजून वर गेलो नाही’ हे पुढचं वाक्यही स्पर्शापेक्षा अडवून ठेवण्याशी जास्त जुळतं. पण हा आधार शब्दार्थाचा आणि संदर्भाचा आहे. काळरूपाने फक्त त्याला अडवलं नाही.

मी म्हटलं, ‘आणि फादर, “शिवू नकोस” तर मुळीच नको. आपल्याकडे “मला शिवू नकोस” म्हटलं की सोवळं-ओवळं आलं. बाई समोर असताना तर विटाळच आला.’ फादर चमकले. लहानपणापासून त्यांनी ते वाक्य जसं ऐकलं होतं त्यात हा वास त्यांना कधी आला नव्हता. सर म्हणाले, हा वास ग्रीकमध्ये नाहीच, तो फक्त मराठी कानाला येतो, तेव्हा त्याची काळजी मराठीतच घ्यायला हवी.

फादरांनी शेवटी ‘मला धरून ठेवू नकोस’ ठेवलं. ‘सोड मला’ त्यांनी टाळलं, कारण त्याने धरलेलं असणं पक्कं होतं, आणि ते योहानाने लिहिलेलं नाही. ‘धरून ठेवू नकोस’ दोन्ही शक्यता उघड्या ठेवतं: तिने धरलं असेल तरी चालतं, नसेल तरी.

मी माझी जुनी वही काढून सॉक्रेटिसची ती दोन वाक्यं पुन्हा केली. पहिलं: ‘आणि हे ऐकून गोंधळ करू नका, मी मोठेपणाचं बोलतोय असं वाटलं तरी.’ दुसरं लिहिताना उद्गारचिन्ह खोडलं, ‘आता पुरे’ खोडलं, आणि लिहिलं: ‘आणि, म्हणतो तसं, गोंधळ नको, मंडळी.’ सरांनी ते वाचलं, ‘मंडळी’खाली पेन्सिलने बारीक रेघ मारली, आणि पुढचं पान उलटलं.